ऑर्डर ब्लॉक आणि फेअर व्हॅल्यू गॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या संस्थांच्या खरेदी-विक्रीच्या खुणा चार्टवर शोधणाऱ्या स्मार्ट मनी पद्धतीबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं निफ्टी फ्युचर्सच्या पाच मिनिटांच्या चार्टची धरली आहेत. त्यातले भाव हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, कुठल्याही ठरावीक दिवसाचे नाहीत.

१. ऑर्डर ब्लॉक म्हणजे नक्की काय? प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात.

तेजीचा ऑर्डर ब्लॉक म्हणजे जोरात वर जाणाऱ्या चालीच्या आधीची शेवटची लाल कॅन्डल. मंदीचा ऑर्डर ब्लॉक म्हणजे जोरात खाली पडण्याआधीची शेवटची हिरवी कॅन्डल. बहुतेक जण दोन अटी घालतात. पुढची चाल जोरदार हवी, आणि त्या चालीत आधीचा स्विंग हाय (किंवा मंदीत स्विंग लो) मोडायला हवा. मग त्या कॅन्डलच्या पट्ट्यावर चौकोन काढायचा आणि भाव तिथे परत येण्याची वाट पाहायची.

व्हिडिओंमध्ये फरक पडतो तो तपशिलात. कुणी कॅन्डलची पूर्ण रेंज घेतं, कुणी फक्त बॉडी. सलग तीन लाल कॅन्डल असतील तर कुणी शेवटची एकच धरतं, कुणी तिन्ही. आणि ‘जोरदार’ म्हणजे किती, हे जवळजवळ कुणीच आकड्यात सांगत नाही. त्यामुळे एकाच चार्टवर दोन अनुभवी माणसं वेगवेगळे चौकोन काढतात आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. तपासणी करताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त नडते (प्रश्न ८ पाहा).

२. फेअर व्हॅल्यू गॅप कसा ओळखायचा?

ही व्याख्या बरीच स्वच्छ आहे. सलग तीन कॅन्डल घ्या. तिसऱ्या कॅन्डलचा लो पहिल्या कॅन्डलच्या हायपेक्षा वर असेल, तर मधली मोकळी जागा म्हणजे तेजीचा फेअर व्हॅल्यू गॅप, थोडक्यात एफव्हीजी. मंदीत याच्या उलट.

समजा पहिल्या कॅन्डलचा हाय २४,५१२ आहे. दुसरी कॅन्डल २४,५०८ ला उघडून २४,५७१ ला बंद झाली. तिसरीचा लो २४,५३८. तर २४,५१२ ते २४,५३८ हा २६ पॉइंटचा एफव्हीजी झाला. त्याचा मध्य २४,५२५. अनेक जण याच मध्यावर लिमिट ऑर्डर लावतात.

पायथनमध्ये तेजीचा एफव्हीजी एवढ्यात सापडतो:

```python
up_gap = df["low"] > df["high"].shift(2)
top    = df["low"].where(up_gap)
bottom = df["high"].shift(2).where(up_gap)
```

यात एक गोष्ट विसरू नका. गॅप आहे की नाही, हे तिसरी कॅन्डल बंद झाल्यावरच कळतं. तिचा लो शेवटच्या सेकंदालाही खाली सरकू शकतो. म्हणून सौदा चौथ्या कॅन्डलपासून पुढेच मोजायचा.

३. हे आलं कुठून? संस्थांचे ट्रेडर खरंच असं काम करतात का?

या शब्दांचा प्रसार मुख्यतः मायकेल हडलस्टन या अमेरिकन शिक्षकाने केला. ‘इनर सर्कल ट्रेडर’, म्हणजे आयसीटी, या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या साहित्यातून पुढे इतरांनी ‘स्मार्ट मनी कन्सेप्ट्स’ नावाची सुटसुटीत आवृत्ती केली. मुळातल्या कल्पना जुन्या आहेत. मोठे खेळाडू गुपचूप माल गोळा करतात, ही मांडणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड वायकॉफने केली होती. भाव झरझर ओलांडून गेलेली पातळी महत्त्वाची, हा विचार शिकागोच्या फ्युचर्स बाजारातून १९८०च्या दशकात आलेल्या मार्केट प्रोफाइलमध्येही आहे.

दुसऱ्या भागाचं उत्तर: मोठ्या संस्थांची मोठी ऑर्डर साधारणपणे अल्गोकडे जाते. अल्गो तिचे शेकडो तुकडे करतो आणि दिवसभराच्या सरासरी भावाशी आपली तुलना करत ते बाजारात सोडतो. लाल कॅन्डलवर चौकोन काढणं हा त्या कामाचा भाग नाही.

४. ऑर्डर ब्लॉकमध्ये संस्थांच्या उरलेल्या ऑर्डर्स असतात, म्हणून भाव तिथे परत येतो. हे तरी खरं ना?

या पद्धतीचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

एनएसईवर सौदे जुळतात ते इलेक्ट्रॉनिक ऑर्डर बुकमध्ये. आधी भाव, मग वेळ असा प्राधान्यक्रम असतो. तिथल्या नेहमीच्या लिमिट ऑर्डर्स त्या दिवसापुरत्या असतात. बाजार बंद झाला की जुळल्या नाहीत त्या रद्द होतात आणि दुसऱ्या दिवशी बुक नव्याने भरायला लागतं. तुमच्या ब्रोकरच्या ॲपवर महिनोन्‌महिने टिकणारी जीटीटी ऑर्डर दिसते, पण ती एक्स्चेंजच्या बुकात नसते. ती ब्रोकरच्या सर्व्हरवर असते आणि ठरलेला भाव आला की मगच एक्स्चेंजकडे जाते. म्हणजे सोमवारच्या ऑर्डर ब्लॉकमध्ये ‘उरलेली’ ऑर्डर गुरुवारी तिथे पडून आहे, हे एनएसईच्या बाबतीत शब्दशः अशक्य आहे.

एकाच दिवसातलं बोलायचं तर लिमिट ऑर्डर्स पडून असू शकतात. पण मग एक प्रश्न उरतो. भाव वर पळत असताना ज्याला माल हवाच होता, तो खालच्या भावाला तासन्‌तास का थांबेल? त्याला घाई होती म्हणूनच तर ती जोरदार चाल झाली.

दाव्याची एक सौम्य आवृत्ती मात्र नाकारता येत नाही. एखाद्या फंडाला पाच दिवसांत मोठी खरेदी पुरी करायची असेल, तर त्याची मूळ ऑर्डर त्याच्या डेस्कवर शिल्लक असते, आणि भाव खाली आला की तो जास्त उचलू शकतो. म्हणून जोरदार चालीनंतरच्या घसरणीत खरेदी दिसू शकते. पण ही खरेदी एका ठरावीक लाल कॅन्डलच्या हाय-लोला बांधलेली असण्याचं कारण नाही. ती दहा पॉइंट वर होईल, चाळीस पॉइंट खाली होईल, किंवा तो फंड आपला विचार बदलेल. ‘मोठी चाल झाली की मागे आल्यावर खरेदी येऊ शकते’ एवढंच यातून निघतं. चौकोन त्यातून निघत नाही.

५. एफव्हीजीच्या जागेत ‘फक्त खरेदीदार होते, विक्रेते नव्हते’ असं शिकवतात. मग तिथे भाव कसा आला?

प्रत्येक सौद्याला दोन बाजू असतातच. वरच्या उदाहरणात दुसरी कॅन्डल २४,५१२ ते २४,५३८ या पट्ट्यातून गेली, तेव्हा तिथे जेवढे लॉट विकत घेतले गेले तेवढेच विकलेही गेले. खरं घडलेलं एवढंच की विक्रीच्या बाजूला ऑर्डर्स विरळ होत्या, आणि मार्केट ऑर्डर्सनी त्या पटापट खाल्ल्या.

चार्ट एक मिनिटाचा करा. पुष्कळदा तो २६ पॉइंटचा गॅप नाहीसा होतो, किंवा त्याचे दोन-तीन छोटे तुकडे होतात. सौदे तेच, वेळेचे तुकडे वेगळे. पट्टा खरंच विरळ होता का, हे पाहायचं असेल तर त्या भावांवर किती व्हॉल्यूम झालं ते व्हॉल्यूम प्रोफाइलमध्ये बघा. काही एफव्हीजीमध्ये व्हॉल्यूम खरंच कमी सापडतं, काहींमध्ये आजूबाजूपेक्षा जास्त निघतं. कॅन्डलचा आकार पाहून या दोन्हींत फरक करता येत नाही.

६. मी शंभर एफव्हीजी मोजले, त्यातले बहुतेक भरले. आणखी पुरावा काय हवा?

भाव तिथे परत आला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. कारण नाणं उडवून भाव पुढे-मागे सरकवला, तरी तो जवळच्या कुठल्याही पातळीला बहुतेक वेळा परत शिवतो. वाट पाहण्याला मर्यादाच ठेवली नाही, तर कल नसलेला यादृच्छिक भाव आज ना उद्या प्रत्येक जुन्या पातळीवर येतो, हे गणिताने सिद्ध आहे. एफव्हीजी तर चालू भावाच्या अगदी शेजारीच तयार होतो. तो भरण्याचं प्रमाण मोठं येणारच.

हवं तर पडताळून पाहा. एक्सेलमध्ये यादृच्छिक आकड्यांवरून मिनिटाचे भाव बनवा, त्यांच्या पाच मिनिटांच्या कॅन्डल करा आणि प्रश्न २ मधला नियम लावा. त्यातही एफव्हीजी सापडतील, आणि त्यातलेही बहुतेक भरतील. तिथे स्मार्ट मनी नाही, कुठलंच मनी नाही.

मोजायचं ते दुसरंच आहे: भाव पट्ट्यात आल्यानंतर आधी टार्गेट लागतं की आधी स्टॉप लॉस, आणि हे प्रमाण योगायोगापेक्षा जास्त आहे का.

७. योगायोगाचं प्रमाण किती धरायचं? माझा विन रेट ४१ टक्के आहे, १:२ मध्ये हे चांगलंच ना?

यादृच्छिक भावासाठी सूत्र सोपं आहे. स्टॉप लॉसचं अंतर भागिले स्टॉप लॉस आणि टार्गेट या दोन्ही अंतरांची बेरीज.

प्रश्न २ चं उदाहरण पुढे नेऊ. चालीआधीच्या लाल कॅन्डलचा, म्हणजे ऑर्डर ब्लॉकचा, लो २४,४८४ आहे. खरेदी एफव्हीजीच्या मध्यावर २४,५२५ ला, स्टॉप लॉस ब्लॉकच्या खाली २४,४८० ला, म्हणजे ४५ पॉइंट. टार्गेट २४,६१५, म्हणजे ९० पॉइंट. योगायोगाने टार्गेट आधी लागण्याची शक्यता ४५ ÷ १३५, म्हणजे ३३.३ टक्के. डोळे मिटून घेतलेल्या सौद्यालाही हा विन रेट मिळतो, आणि खर्च सोडला तर हातात शून्य राहतं.

आता खर्च घाला. ब्रोकरेज, एसटीटी, इतर शुल्क आणि स्लिपेज मिळून एका पूर्ण सौद्याला १० पॉइंट धरू. तुमच्या खऱ्या काँट्रॅक्ट नोटवरून स्वतःचा आकडा काढा. जिंकलात तर ८० मिळतात, हरलात तर ५५ जातात. बरोबरी साधायला ५५ ÷ १३५, म्हणजे ४०.७ टक्के विन रेट लागतो. म्हणजे तुमचे ४१ टक्के योगायोगापेक्षा बरेच जास्त दिसतात खरे, पण खिशात जवळजवळ काही येत नाही.

आणि ते खरंच योगायोगापेक्षा जास्त आहेत का, हे सौद्यांच्या संख्येवर ठरतं. १०० सौद्यांत नुसत्या नशिबाने हा आकडा साधारण ४.७ टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. ३३ आणि ४१ मधलं अंतर याच्या दुपटीलाही पोचत नाही. ३०० सौद्यांत हीच हालचाल २.७ टक्क्यांवर येते, आणि तेव्हा ४१ टक्क्यांना काहीतरी अर्थ येतो. पन्नास सौद्यांच्या स्क्रीनशॉटवरून कुणी विन रेट सांगत असेल, तर त्यावर वाद घालण्यातही वेळ घालवू नका.

टार्गेट जवळ आणि स्टॉप लॉस लांब ठेवला, तर विन रेट हवा तेवढा चढवता येतो, हेही याच सूत्रात दिसतं. ९० चा स्टॉप लॉस आणि ३० चं टार्गेट ठेवा, काहीही न करता ७५ टक्के.

८. स्वतः बॅकटेस्ट करायचा आहे. कुठे चुकण्याची शक्यता असते?

सगळ्यात आधी व्याख्या लिहून काढा आणि मग ती बदलू नका. ‘जोरदार’ म्हणजे दुसऱ्या कॅन्डलची रेंज मागच्या २० कॅन्डलच्या सरासरी रेंजच्या दुप्पट, असं काहीतरी. आकडा कोणता हे तितकं महत्त्वाचं नाही. निकाल पाहिल्यावर तो हलवला नाही, हे महत्त्वाचं. दीड पट, दोन पट, अडीच पट, बॉडी, विक, सकाळ, दुपार असे पर्याय फिरवत बसलात की त्यातला एखादा जुन्या डेटावर झळाळून निघणारच.

दुसरी चूक म्हणजे पुढचं आधीच दिसणं. स्विंग हाय त्याच्या उजवीकडे काही कॅन्डल खाली बंद झाल्यावरच स्विंग हाय ठरतो. ऑर्डर ब्लॉक तर चाल होऊन आधीचा स्विंग हाय किंवा लो मोडल्यावर कळतो. मागे वळून चार्ट पाहताना हे सगळं एकाच वेळी डोळ्यांसमोर असतं. म्हणूनच व्हिडिओतले चौकोन इतके अचूक वाटतात.

तिसरी चूक लिमिट ऑर्डरची. भाव तुमच्या पातळीला नुसता शिवून वर गेला, तर बॅकटेस्ट सौदा झाला असं धरतो. प्रत्यक्षात रांगेत तुमच्या पुढे बरेच जण असतात. यात गंमत अशी की जे सौदे नुसते शिवून सुटतात ते बहुतेक जिंकणारे असतात, आणि जे पट्टा फाडून खाली जातात ते तुम्हाला हमखास मिळतात. म्हणून भाव पातळीच्या किमान एक-दोन टिक पलीकडे गेला, तरच सौदा मोजा. एकाच कॅन्डलमध्ये स्टॉप लॉस आणि टार्गेट दोन्ही येत असतील, तर एक मिनिटाचा डेटा उघडा, किंवा तो सौदा तोट्यात धरा.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो जवळपास कुणीच करत नाही. तुलनेसाठी दुसरा गट हवा. तेवढ्याच जोराच्या, पण एफव्हीजी न झालेल्या चाली शोधा. तिथेही भाव तेवढाच मागे आल्यावर, तोच स्टॉप लॉस आणि तेच टार्गेट ठेवून सौदे मोजा. दोन्ही गटांचे निकाल सारखे आले, तर तुम्हाला जे काही मिळत होतं ते जोरदार चालीनंतरच्या माघारीचं होतं. गॅपचा त्यात वाटा नव्हता.

९. यावर खरा अभ्यास झालाय का, की सगळं यूट्यूबच?

उपयोगी अभ्यास या नावांनी झालेले नाहीत, पण यामागच्या दाव्यांना थेट भिडणारे आहेत. दोनच सांगतो.

कॅरल ऑसलर यांनी एका मोठ्या बँकेकडच्या खऱ्या परकीय चलन ऑर्डर्स तपासल्या. तो निबंध २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये आला. त्यांना दिसलं की नफा काढण्याच्या ऑर्डर्स गोल आकड्यांवर दाटतात, तर स्टॉप लॉस गोल आकड्यांच्या जरासे पलीकडे. म्हणजे ऑर्डर्स काही भावांवर गोळा होतात, या कल्पनेला भक्कम आधार आहे. फक्त त्या जागा गोल आकड्यांच्या आहेत, शेवटच्या लाल कॅन्डलच्या नाहीत.

दुसरा अभ्यास सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांचा, १९९९ चा. त्यांनी डाऊ जोन्सच्या सुमारे शंभर वर्षांच्या भावांवर जवळपास आठ हजार तांत्रिक नियम लावून पाहिले. जुन्या काळात काही नियम चांगले दिसले. पण आठ हजारांतून सर्वोत्तम निवडल्यामुळे येणारा फुगवटा वजा करून १९८७ नंतरच्या दहा वर्षांवर सर्वोत्तम नियम तपासला, तेव्हा त्याची कामगिरी टिकली नाही. प्रश्न ८ मधली पर्याय फिरवण्याची सवय महाग का पडते, ते इथे दिसतं.

१०. स्टॉप हंट तर रोज होतो! माझा एसएल उडतो आणि भाव लगेच वळतो.

ऑसलर यांच्या कामातला याला लागू पडणारा भाग सहसा सांगितला जात नाही. त्यांच्या निष्कर्षानुसार भाव स्टॉप लॉसच्या दाटीत शिरला की चाल त्याच दिशेने वेग घेते. हे समजायला सोपं आहे: उडालेला प्रत्येक स्टॉप लॉस म्हणजे त्याच दिशेची नवी मार्केट ऑर्डर. स्मार्ट मनी पद्धत मात्र नेमकं उलटं शिकवते, की लिक्विडिटी घेतली, म्हणजे दाटलेले स्टॉप लॉस उडाले, की भाव वळतो.

दोन्ही घडतं. कधी वळतो, कधी धावतो. वळला की राग येतो आणि लक्षात राहतं. धावला तर ‘बरं झालं एसएल होता’ म्हणून विसरतो. आपल्या डायरीत एक रकाना वाढवा: स्टॉप लॉस उडाल्यानंतर पुढच्या अर्ध्या तासात भाव माझ्या मूळ टार्गेटला गेला का? हो किंवा नाही. दोन-तीन महिन्यांनी बेरीज करा.

आणि तुमचा स्टॉप लॉस जर स्विंग लोच्या दोनच टिक खाली असेल, तर तो उडवायला कुणी तुमच्या मागे लागायची गरज नाही. बाजाराची रोजची थरथर त्याला पुरते.

११. पण जेन स्ट्रीट प्रकरणात सेबीनेच सांगितलं ना, की मोठे खेळाडू बाजार हलवतात?

३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने जेन स्ट्रीट समूहाचे ४,८४३ कोटी रुपये बेकायदा नफा म्हणून जप्त करण्याचं ठरवलं. आरोप असा की सकाळी बँक निफ्टीतले शेअर आणि फ्युचर्स मोठ्या प्रमाणात घेऊन निर्देशांक वर ढकलला, त्याच वेळी ऑप्शन्समध्ये मंदीची बरीच मोठी पोझिशन उभी केली, आणि नंतर घेतलेला माल विकून टाकला. कंपनीने आरोप नाकारले आहेत आणि अपिलात गेली आहे.

आरोप खरे धरले तरी त्यातून ऑर्डर ब्लॉक सिद्ध होत नाही. १७ जानेवारी २०२४ या दिवसाचं सेबीचं विश्लेषण पाहा. शेअर आणि फ्युचर्समध्ये समूहाला सुमारे ६२ कोटींचा तोटा झाला आणि ऑप्शन्समध्ये सुमारे ७३५ कोटींचा नफा. म्हणजे ज्या चार्टवर आपण चौकोन काढतो, तिथे हा खेळाडू पैसे घालवत होता. त्याचं खरं लक्ष्य दुसऱ्याच बाजारात होतं. हे उघड करायला सेबीला कोणत्या ग्राहकाने कोणत्या क्षणी काय घेतलं-विकलं याचा डेटा लागला. तो कॅन्डलमध्ये नसतो.

१२. ऑर्डर ब्लॉक तुटला की त्याला ब्रेकर म्हणतात, एफव्हीजी तुटला की इन्व्हर्जन. मग ही पद्धत चुकते कधी?

चांगला प्रश्न, आणि शिक्षकाला अवघड जाणारा. पट्ट्यावरून भाव वळला तर ऑर्डर ब्लॉक चालला. तुटून परत खालून शिवला आणि पडला, तर ब्रेकर चालला. दोन्ही झालं नाही, तर मोठ्या टाइमफ्रेमचा पट्टा शोधायचा. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, तास, दिवस असे चार चार्ट उघडले की जवळपास प्रत्येक भावाशेजारी एखादा चौकोन असतोच.

यावर उपाय एकच: प्रत्येक प्रकार स्वतंत्र नियम म्हणून मोजा. ऑर्डर ब्लॉकचा सौदा तोट्यात गेला, तर तो तोटा ऑर्डर ब्लॉकच्याच खात्यावर राहील. नंतर ब्रेकरने फायदा दिला, तर तो ब्रेकरच्या खात्यावर. एकाने दुसऱ्याचं पाप धुवायचं नाही.

१३. एकाच शेअरचा तासाचा चार्ट दोन ॲपवर वेगळे ऑर्डर ब्लॉक दाखवतो. खरा कुठला?

दोन्ही तितकेच खरे. आपला बाजार ९:१५ ते ३:३० चालतो, म्हणजे ३७५ मिनिटं, आणि त्याला ६० ने पूर्ण भाग जात नाही. काही ॲप ९:१५ ते १०:१५ अशा कॅन्डल करतात, मग शेवटची कॅन्डल फक्त पंधरा मिनिटांची उरते. काही घड्याळाचा तास धरतात, तिथे पहिली ४५ मिनिटांची आणि शेवटची अर्ध्या तासाची होते. सौदे तेच असूनही एका चार्टवर लाल कॅन्डल दिसते आणि दुसऱ्यावर दिसत नाही.

याचा तपासणीसाठी उपयोगही होतो. एक मिनिटाच्या डेटावरून तासाच्या कॅन्डल स्वतः बनवा, पण सुरुवात ९:१५, ९:२५, ९:३५ अशी सरकवत. फक्त एकाच सुरुवातीला नफा दिसत असेल, तर तुम्हाला बाजाराची चाल सापडलेली नाही, घड्याळाचा योगायोग सापडला आहे. पाच आणि पंधरा मिनिटांच्या चार्टवर ही अडचण कमी, कारण ३७५ ला दोन्हींनी पूर्ण भाग जातो.

१४. फोरेक्समध्ये तरी हे चालतं म्हणतात.

तिथे दाव्याचा पाया आणखी ठिसूळ आहे. चलनाच्या स्पॉट बाजाराला एकच केंद्रीय ऑर्डर बुक नाही, आणि चार्टवर दिसणारं व्हॉल्यूम बहुधा त्या ब्रोकरकडे भाव किती वेळा बदलला याची मोजणी असते. भारतात राहणाऱ्यांसाठी कायद्याचा मुद्दाही आहे. रिझर्व्ह बँक परवाना नसलेल्या फोरेक्स प्लॅटफॉर्मची सावधानता यादी प्रसिद्ध करते. पैसे पाठवण्याआधी ती पाहा.

१५. मग सगळंच सोडून द्यायचं का? कोर्सचे पैसे भरलेत.

काही गोष्टी टिकतात. धावत्या भावामागे न पळता माघारीची वाट पाहणं, स्टॉप लॉस आधी ठरवणं, सौद्याचा आकार त्यावरून काढणं. यासाठी संस्थांची गोष्ट लागत नाही, आणि नुसत्या यामुळे नफाही होत नाही. तोटा आटोक्यात राहतो.

स्पर्धा कुणाशी आहे, हेही पाहा. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, आणि त्यांचा एकूण निव्वळ तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. त्याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यापैकी ९७ टक्के अल्गोमधून आला. स्मार्ट मनी म्हणायचंच असेल तर ते हे.

शिक्षकाबद्दल: जानेवारी २०२५ च्या सेबीच्या परिपत्रकानुसार फक्त शिक्षण देणाऱ्याला मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरचं नाव घेत बोलता येत नाही. लाइव्ह चार्टवर शेअरचं नाव घेऊन ऑर्डर ब्लॉक दाखवणारा माणूस सेबीकडे नोंदणीकृत आहे का, ते विचारा. आणि त्याच्याकडे स्क्रीनशॉट मागू नका. ब्रोकरचा कर भरण्यासाठीचा पूर्ण वर्षाचा नफा-तोटा अहवाल मागा.

१६. स्मॉलकॅप शेअरमध्ये रोजच्या चार्टवर मोठमोठे एफव्हीजी दिसतात. तिथे वापरू का?

आधी त्या शेअरची सर्किट मर्यादा पाहा. ५ टक्क्यांचं सर्किट असलेला शेअर सलग तीन दिवस वरच्या सर्किटला बंद राहिला, तर चार्टवर सुंदर गॅप दिसतो. पण त्या दिवशी विकणाराच आलेला नसतो, आणि झालेले सौदे मूठभर असतात. असा शेअर खाली येतानाही बहुधा सर्किट लावतच येतो. तेव्हा तुमचा स्टॉप लॉस ट्रिगर होतो, पण समोर घेणारा नसतो.

रोजच्या चार्टवर आणखी एक गल्लत होते. शेअर एका निकालानंतर १० टक्के वर उघडला, तर तिन्ही कॅन्डलचा नियम बसतो, पण मधल्या भावांना एकही सौदा झालेला नसतो. तो साधा रात्रीचा गॅप असतो आणि त्याचं कारण बातमी असते. बोनस, स्प्लिट किंवा मोठ्या लाभांशामुळे भाव समायोजित न केलेल्या डेटात तर खोटेच गॅप दिसतात. त्यामुळे बॅकटेस्ट करताना हे दोन्ही प्रकार बाजूला काढा, आणि पाच मिनिटांच्या चार्टवर एफव्हीजी मोजताना तिन्ही कॅन्डल एकाच दिवसाच्या आहेत ना, ही अट वरच्या कोडमध्ये जोडा. नाहीतर रोज सकाळी ९:१५ च्या कॅन्डलपाशी कोड खोट्या गॅपवर खूण करत राहील.